ऑटोच्या बटणावरची चिकटपट्टी

कुठल्याही कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये पाऊल टाकलं की मी आधी एक गोष्ट मोजतो: किती लूप 'ऑटो'वर आहेत आणि किती 'मॅन्युअल'वर. इन्स्ट्रुमेंटेशनच्या धंद्यात वीसेक वर्षं काढल्यावर लागलेली ही खोड आहे. लूप म्हणजे एक मोजमाप, एक व्हॉल्व्ह आणि त्या दोघांच्या मध्ये बसलेला कंट्रोलर. मोजमाप बघून व्हॉल्व्ह किती उघडायचा हे कंट्रोलरने ठरवलं तर लूप ऑटोवर. माणसाने बटण दाबून ठरवलं तर मॅन्युअलवर. कंट्रोलर लाखो रुपये मोजून आणलेला असतो आणि तरी अर्धे लूप मॅन्युअलवर असतात. मॅनेजरला कारण विचारा, तो ठराविक उत्तर देतो, "आमच्या ऑपरेटरांचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही हो." हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलेलं नाही. अविश्वास कुठून तरी येतो, आणि पुष्कळदा तो एका बेरजेतून येतो.

अशी एक बेरीज मला दक्षिण महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात भेटली. बॉयलर बगॅसवर चालणारा, म्हणजे उसाचा रस काढून उरलेलं चिपाड हेच जळण. अशा बॉयलरच्या डोक्यावर एक आडवं पिंप असतं, त्याला ड्रम म्हणतात. त्यात अर्ध्यापर्यंत पाणी, वर वाफ. वाफ सतत बाहेर जाते, तेवढंच पाणी फीड-वॉटर व्हॉल्व्हमधून सतत आत यायला हवं. पातळी फार वाढली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जातं आणि पाती खराब करतं. फार उतरली तर ट्यूबांमध्ये पाणी राहत नाही आणि बाहेरची आग पोलाद मऊ करते. म्हणून पातळी एका हद्दीखाली गेली की यंत्रणा बॉयलर आपोआप बंद करते. हंगामात बॉयलर बंद म्हणजे टर्बाइन बंद, टर्बाइन बंद म्हणजे मिल बंद, गव्हाणीत ऊस तसाच, आणि बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग.

पॅनेलवर ड्रमच्या पातळीचा कंट्रोलर होता. त्याच्या 'ऑटो' बटणावर खाकी चिकटपट्टी आडवी मारलेली होती.

बॉयलरवर रात्रपाळीला फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट असलेले एक जुने अटेंडंट होते, सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. मी विचारलं, "मामा, ही पट्टी कुणी लावली?"

"मीच लावलीया साहेब," ते म्हणाले. "ते बटण दाबलं की व्हॉल्व्ह उडी मारतोय. कवा सतरा टक्के, कवा वीस. रात्रीचं मी ड्रमकडं बघू का त्याच्या उडीकडं?"

"काटा जुळवून घेऊन दाबलं तर?"

"तसं केलं की जास्त उडतोय."

या शेवटच्या वाक्याने मी थबकलो. काटा जुळवणं ही जुन्या न्युमॅटिक पॅनेलवरची शिस्त. तिथे हवेच्या दाबावर चालणारे कंट्रोलर असत. ऑटोला जाण्याआधी ऑपरेटर कंट्रोलरचा दाब आणि हाताने दिलेला दाब गेजवर बघून दोन्ही सारखे करायचा आणि मगच खटका फिरवायचा. मामांची पिढी त्याच्यावर शिकलेली. नव्या पॅनेलवर कंट्रोलरचा दाब दाखवणारं गेज नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या अकलेने जवळचा उपाय केला: सेट-पॉइंट, म्हणजे हवी असलेली पातळी, प्रत्यक्ष पातळीइतकीच करायची, म्हणजे कंट्रोलरला तक्रार करायला जागाच उरणार नाही, आणि मग बटण दाबायचं. विचार अगदी बरोबर होता, आणि तरी उडी वाढत होती. का, ते कळायला आतलं गणित बघावं लागतं.

पीआयडी कंट्रोलर तीन गोष्टी बघतो. हवी ती पातळी आणि आहे ती पातळी यांच्यातली तफावत आत्ता किती आहे, आतापर्यंत ती किती साचली आहे, आणि किती वेगाने बदलते आहे. तिसरी गोष्ट ड्रमच्या पातळीला सहसा वापरत नाहीत, कारण पाणी सतत हिंदकळत असतं आणि त्या हिंदकळण्याचा वेग काढून हाती काही लागत नाही. आपणही ती सोडून देऊ. उरलेल्या दोन गोष्टींचं पुस्तकी सूत्र असं:

```
e = SP - PV
S = S + Kc*(T/Ti)*e
u = Kc*e + S
```

`SP` म्हणजे हवी ती पातळी, `PV` म्हणजे आहे ती, `e` तफावत, `u` म्हणजे व्हॉल्व्ह किती टक्के उघडायचा ते. `S` हा साचलेला भाग. याला स्थितीरूप म्हणू या, इंग्रजीतला पोझिशन फॉर्म, कारण तो दर वेळी व्हॉल्व्हची अख्खी स्थिती नव्याने काढतो. त्या कारखान्यात `Kc` होता 2, `Ti` 200 सेकंद, आणि हिशोब दर सेकंदाला एकदा व्हायचा, म्हणजे `T` बरोबर 1.

पातळी जागेवर टेकली की `e` शून्य असतो, आणि तरी व्हॉल्व्ह कुठेतरी उघडा असावाच लागतो, नाहीतर पाणी येणार कसं? तो उघडा राहतो `S`च्या जोरावर. म्हणजे "या लोडला व्हॉल्व्ह साधारण इतका उघडा लागतो" ही कंट्रोलरची सगळी समज त्या एका आकड्यात असते.

आता त्या रात्रीचं बघा. ट्रेंडच्या नोंदीवरून मला हे आकडे मिळाले. संध्याकाळी मिल कमी वेगाने चालू होती, लूप ऑटोवर होता, पातळी 50 वर स्थिर, व्हॉल्व्ह 41 टक्के. म्हणजे `S` 41. मग कसल्यातरी कामासाठी लूप मॅन्युअलवर घेतला. रात्री मिलने वेग घेतला, वाफ जास्त लागू लागली, मामांनी हाताने व्हॉल्व्ह वाढवत 62 वर आणला. पातळी 48. सगळं शांत झालं म्हणून त्यांनी ऑटो दाबलं.

प्रोग्राम लिहिणाऱ्याने मॅन्युअलमध्ये असताना वरच्या तिन्ही ओळी बंद ठेवल्या होत्या. `S` अजूनही संध्याकाळच्या 41 वर गोठलेला. बटण दाबताच हिशोब झाला: `e` आहे 2, दोन दुणे चार, अधिक 41, म्हणजे 45. एका सेकंदात व्हॉल्व्ह 62 वरून 45 वर. मामांची सतरा टक्क्यांची उडी ती हीच. आणि त्यांनी सेट-पॉइंट 48 करून काटा जुळवला असता तर `e` शून्य झाला असता, `u` नुसता 41 आला असता, आणि उडी एकवीसची. ते खरंच सांगत होते. तफावत मिटवून ते व्हॉल्व्हला वर धरणारे उरलेसुरले चार टक्केही काढून घेत होते.

उडी लागल्यावर पुढे काय? बॉयलरला 62 टक्क्यांचं पाणी हवं आहे आणि मिळतं आहे 45 टक्क्यांचं. पातळी एक टक्का उतरली की कंट्रोलर व्हॉल्व्ह दोन टक्के उघडतो, म्हणजे सतरा टक्के परत मिळवायला नुसत्या त्या हिशोबाने पातळी साडेआठ टक्के उतरावी लागते: 48 वरून 39.5. मधल्या वेळात `S`ही हळूहळू वाढतो, त्यामुळे घसरण थोडी कमी व्हायला हवी. पण ड्रममध्ये एक फसवणूक असते. ड्रममधलं पाणी उकळतं असतं, बुडबुड्यांनी भरलेलं. बाहेरून येणारं थोडं थंड पाणी अचानक कमी झालं की बुडबुडे वाढतात, फुगतात, आणि पाणी कमी होत असताना पातळी आधी वर जाते. बॉयलरवाले याला स्वेल म्हणतात. कंट्रोलरला वाटतं पातळी वाढली, म्हणून तो व्हॉल्व्ह आणखी मिटतो. खोटं फुगणं ओसरतं तेव्हा खरी घसरण दिसते आणि ती हिशोबापेक्षा मोठी असते. त्या कारखान्यात 40 ला भोंगा वाजायचा आणि 30 ला बॉयलर बंद पडायचा. भोंगा वाजत असताना मामांनी लूप परत मॅन्युअलला घेतला आणि दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी आणली. त्यांच्या जागी मीही आणली असती.

याच आजाराचा एक उलटा प्रकारही मी पाहिला आहे. काही प्रोग्राममध्ये मॅन्युअलमध्येही `S`ची बेरीज चालूच राहते. वरचेच आकडे घ्या. तफावत 2 राहिली तर `S` दर सेकंदाला 0.02 ने वाढतो. ऐकायला काहीच नाही, पण चाळीस मिनिटांत 2400 सेकंद असतात आणि 48 टक्के साचतात. 41 अधिक 48 म्हणजे 89, त्यात वरचे 4. ऑटो दाबलं की व्हॉल्व्ह 62 वरून थेट 93 वर. ऑपरेटरला बाहेरून एवढंच दिसतं की उडी कधी वर असते, कधी खाली, कधी लहान, कधी मोठी. अशा वागण्याला लहरी म्हणायचं नाही तर काय?

दोन्ही प्रकारांचं मूळ एकच आहे. व्हॉल्व्ह कुठे आहे हे माणसाला माहीत आहे, आणि व्हॉल्व्ह कुठे असायला हवा याची एक खासगी आठवण कंट्रोलरच्या पोटात आहे. मॅन्युअलमध्ये या दोघांचा संबंध तुटतो.

वेगरूप, म्हणजे व्हेलॉसिटी फॉर्म, ही खासगी आठवणच काढून टाकतं. त्यात व्हॉल्व्हची स्थिती काढायचीच नाही. आत्ता आहे तिथून किती हलवायचं, एवढंच काढायचं. वरच्या सूत्रातून आत्ताच्या `u`मधून मागच्या सेकंदाचा `u` वजा केला की हे आपोआप मिळतं:

```
du = Kc*((e - e1) + (T/Ti)*e)
u  = u + du
```

`e1` म्हणजे मागच्या सेकंदाची तफावत. साचलेल्या भागाची बेरीज कुठे गेली? ती आता `u`मध्येच आहे. वेगळा `S` उरलाच नाही. व्हॉल्व्ह जिथे उभा आहे तीच कंट्रोलरची आठवण. (नावातल्या 'वेगा'चा तिसऱ्या, बदलाच्या वेगाच्या भागाशी काही संबंध नाही. दर सेकंदाला व्हॉल्व्ह किती हलवायचा, म्हणजे व्हॉल्व्हचा वेग, असा त्याचा अर्थ. हा घोळ मी चांगल्या इंजिनिअरांचाही झालेला पाहिला आहे.)

तीच रात्र पुन्हा मांडू. व्हॉल्व्ह 62, पातळी 48, हवी 50. मागच्या सेकंदालाही तफावत 2 होती, आत्ताही 2. `e - e1` शून्य. उरतं 2 गुणिले 0.005 गुणिले 2, म्हणजे 0.02. ऑटो दाबल्यावर पहिल्या सेकंदाला व्हॉल्व्ह 62 वरून 62.02 वर जातो. संध्याकाळी तो 41 वर होता हे कंट्रोलरला माहीत नाही आणि माहीत असण्याचं कारणही नाही. तफावत तशीच राहिली तर मिनिटभरात व्हॉल्व्ह 63.2 वर पोचेल. प्रत्यक्षात पातळी त्याआधीच चढू लागते. समजा ती 48.1 झाली, तर तफावत 1.9, `e - e1` वजा 0.1, आणि त्या सेकंदाला व्हॉल्व्ह साधारण 0.18 ने मिटतो. माणसाने हाताने केलं असतं तसंच काहीतरी.

या रूपाला इतिहास आहे. 1962 साली इंग्लंडमध्ये फ्लीटवूडला आयसीआयच्या सोडा ॲशच्या कारखान्यात फेरांटीचा आर्गस कॉम्प्युटर बसला. त्याने जुने कंट्रोलर काढून त्यांची जागाच घेतली; 224 मोजमापं घ्यायचा आणि 129 व्हॉल्व्ह थेट हलवायचा. एकाच यंत्राच्या हातात इतके व्हॉल्व्ह दिल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की यंत्र बंद पडलं तर काय. कॉम्प्युटरकडून थेट नियंत्रणाच्या त्या पहिल्या काळात एक सोयीचा मार्ग होता तो व्हॉल्व्हला पावलापावलाने फिरणारी मोटर जोडण्याचा. कॉम्प्युटर फक्त "इतकी पावलं पुढे, इतकी मागे" असे ठोके पाठवतो, बेरीज मोटरच्या दांड्यावर होते. कॉम्प्युटर बंद पडला तर ठोके थांबतात आणि व्हॉल्व्ह आहे तिथेच उभा राहतो. ऑपरेटरनेही त्याच मोटरला ठोके द्यायचे. अशा जोडणीला वेगरूपच शोभतं, आणि ऑटो-मॅन्युअलचा झटका तिथे मुळात जन्मच घेत नाही, कारण दोघे एकाच दांड्याला हात घालतात.

आमच्या पॅनेलवर मोटर नव्हती, पीएलसी होता आणि व्हॉल्व्हकडे जाणारा 4 ते 20 मिलीअँपिअरचा करंट. मोटरच्या दांड्याचं काम `u` या एका आकड्याने करायचं होतं. मी लिहिलेला भाग जवळपास इतकाच:

```
e = SP - PV
if AUTO:    u = u + Kc*((e - e1) + (T/Ti)*e)
elif UP:    u = u + 0.5
elif DOWN:  u = u - 0.5
u  = limit(u, 0, 100)
e1 = e
```

मामांची वर-खाली बटणं आणि कंट्रोलर, दोघेही त्याच `u`वर लिहितात. त्यामुळे ऑटोवरून मॅन्युअलला जातानाही झटका नाही: कंट्रोलरने व्हॉल्व्ह जिथे सोडला तिथूनच बटण पुढे चालतं. `limit`ची ओळही कामाची आहे. फीड पंप बंद पडून पातळी दहा मिनिटं खाली राहिली तर `u` 100 वर थांबतो, त्याच्यापुढे लपून काही साचत नाही, आणि पातळी चढू लागताच व्हॉल्व्ह लगेच मागे सरकायला मोकळा असतो.

या सगळ्यात जपण्याची ओळ मात्र शेवटची आहे, `e1 = e`. ती `if`च्या बाहेर आहे. ती आत गेली, किंवा मॅन्युअलमध्ये अख्खा ब्लॉकच बोलावला नाही (पीएलसीत वेळ वाचवायला असं सर्रास करतात), तर वेगरूप असूनही झटका परत येतो. समजा मॅन्युअलला जाताना पातळी 53 होती, म्हणजे `e1` वजा 3. तो तसाच पडून राहिला. दोन तासांनी पातळी 48, `e` 2. ऑटो दाबल्यावर कंट्रोलरला वाटतं की पातळी एका सेकंदात पाच टक्के कोसळली. 2 गुणिले 5, व्हॉल्व्ह दहा टक्के वर. "आम्ही वेगरूप वापरलं तरी उडतंय" अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी पहिल्यांदा ही ओळ शोधतो, आणि बहुतेकदा ती चुकीच्या घरात सापडते.

तपासणी सोपी आहे आणि बॉयलर बंद असताना करता येते. आम्ही ती कारखान्याच्या क्लिनिंगच्या दिवशी केली. ट्रान्समीटरची तार सोडवून तिथे कॅलिब्रेटर लावला. पातळी 53 दाखवायला 12.48 मिलीअँपिअर दिले, लूप मॅन्युअलवर घेतला, व्हॉल्व्ह बटणाने 62 वर नेला. व्हॉल्व्हच्या तारेत मीटर: 13.92. मग कॅलिब्रेटर 11.68 वर आणला, म्हणजे पातळी 48, काही सेकंद थांबलो आणि ऑटो दाबलं. गोठलेल्या `S`मध्ये 41 असताना जुना प्रोग्राम हीच परीक्षा देताना 11.20 वर कोसळतो. `e1` शिळा राहिला असता तर मीटरने 15.52 दाखवले असते. आमचं मीटर दहा सेकंदांनी 13.95 वर होतं आणि मुंगीच्या पावलाने वर सरकत होतं. मामा शेजारी उभे होते. त्यांनी तीनदा बटण दाबायला लावलं, तिन्ही वेळा वेगळ्या पातळीवरून. तिसऱ्या वेळी म्हणाले, "आता मॅन्युअलला घेऊन दावा." तेही दाखवलं. "हंगाम चालू झाल्यावर बघू," म्हणून ते चहाला गेले. पट्टी त्या दिवशी निघाली नाही. लोड चढत असताना त्यांनी स्वतः दोन रात्री लूप ऑटो-मॅन्युअल करून बघितला, त्यानंतर ती गेली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर झटका घालवायला वेगरूपच हवं असं नाही. स्थितीरूपातही मॅन्युअलमध्ये असताना दर सेकंदाला `S = u - Kc*e` असं उलटं काढत राहिलं की काम होतं. आपल्या आकड्यांत `S` 58 होतो, ऑटो दाबल्यावर 58 अधिक 4 म्हणजे 62, झटका नाही. आजचे अनेक तयार कंट्रोलर असंच काहीतरी करतात. फरक एवढाच की तिथे ही ओळ कुणीतरी आठवणीने लिहावी लागते, आणि वेगरूपात विसरायला ती आठवणच नसते.

पण वेगरूपाच्या स्वतःच्या दोन अटी आहेत आणि त्या विसरून चालत नाही.

पहिली: साचणारा भाग काढून टाकता येत नाही. काही जण पातळीच्या लूपला फक्त `Kc` ठेवतात, बाकी काही नको म्हणतात. स्थितीरूपात ते चालतं. वेगरूपात मात्र मागे नुसता `e - e1` उरतो, आणि वजाबाकीत `SP` उडून जातो, कारण तो दोन्ही सेकंदांना सारखाच असतो. उरतं फक्त "पातळी मागच्या सेकंदापेक्षा किती बदलली". अशा कंट्रोलरला 50 हा आकडा कधी सांगितलाच गेलेला नाही. पातळी 48 वर शांत असेल तर तो तिला 48 वर शांत राहू देईल, 35 वर शांत असेल तर 35 वर. ट्रेंडवर हे ओळखता येतं: रेघ छान सरळ, सेट-पॉइंटची रेघही सरळ, आणि दोघींची भेट नाही.

दुसरी अट जास्त छुपी आहे. वेगरूप लहान लहान तुकड्यांच्या बेरजेवर जगतं, म्हणून तुकडा फार लहान झाला की तो हरवतो. मी एका जुन्या कंट्रोलरवर काम केलं आहे ज्यात सगळे आकडे पूर्णांक होते, 0 ते 4095. म्हणजे व्हॉल्व्हचं सगळ्यात लहान पाऊल 0.0244 टक्के. आपल्या लूपचे आकडे त्यात घाला: तफावत 2 टक्के असताना दर सेकंदाचा तुकडा 0.02 टक्के. तो एका पावलापेक्षा लहान, कंट्रोलर अपूर्णांक छाटतो, उत्तर शून्य. पुढच्या सेकंदालाही शून्य. पातळी 48 वर बसून राहते आणि व्हॉल्व्ह हलत नाही. तफावत 2.44 च्या पुढे गेली तरच काहीतरी घडतं. अशा वेळी कुणीतरी शहाणा सुचवतो की हिशोब जास्त वेळा करा, सेकंदाला दहादा. मग तुकडा दहापट लहान होतो आणि जाग यायला तफावत 24 टक्के लागते! यावर उपाय म्हणजे छाटलेला अपूर्णांक फेकायचा नाही, वेगळा जपून ठेवायचा आणि पुढच्या तुकड्यात मिळवायचा. पाच वेळा 0.02 जमले की चार पावलं पडतात, उरलेलं पुढच्या खात्यावर.

आता दशांश आकडे सगळीकडे आले, तरी हा प्रश्न मिटला असं समजू नये. 32 बिटांच्या दशांश आकड्यात 62 च्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर साधारण 0.0000038 असतं, आणि त्याच्या निम्म्याहून लहान काही मिळवलं तर बेरीज जशीच्या तशी राहते. ड्रमच्या पातळीला ही हद्द लागत नाही. पण तासाभराचा `Ti` असलेली संथ भट्टी घ्या, `Kc` 2, हिशोब दर दहा मिलिसेकंदांनी, तफावत 0.1 टक्का. तुकडा येतो 0.00000056. अशा लूपला मी `u` 64 बिटांत ठेवतो, किंवा हिशोबच सेकंदाला एकदा करतो, कारण तासाभराने हलणाऱ्या भट्टीला सेकंदाला शंभरदा विचारून तिचं उत्तर बदलत नाही.